पिंट्या, शाब्बास रे!

पिंट्या, तुझ्या आईचा फोन आला तेव्हा मी मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात उभा होतो. "दादा, पोरगं इंजिनिअर झालं," एवढंच बोलली आणि रडायलाच लागली. मग मीपण पोत्यांच्या थप्पीआड जाऊन डोळे पुसले. हळद गेली डोळ्यात, असं सांगितलं सगळ्यांना.

दुसऱ्या वर्षाला गणित राहिलं तेव्हा तू दोन दिवस धड जेवला नव्हतास. आयर्विन पुलावर माझ्याशेजारी गप्प उभा होतास. मी काय समजावणार, मी दहावी नापास! नुसतं भडंग खायला घातलं. पण त्याच गणितात पुढच्या खेपेला तू ७१ काढलेस. ते मी अजून हमालांना सांगत असतो, कंटाळलेत बिचारे.

आपल्या घरातला पहिला पदवीधर तू. तुझे आजोबा असते तर गावभर पेढे वाटत फिरले असते. ते काम आता माझ्याकडे. सकाळीच गणपतीला नारळ फोडून आलोय.

रविवारी ये. येताना ते सर्टिफिकेट आण, झेरॉक्स नको, खरं. आजीला हातात धरून बघायचंय. मामीनं पुरणपोळ्यांचा घाट घातलाय.

तुझा मामा, सांगली