बिल क्र. ११४ ची थकबाकी : नेहाच्या मेलचा सुधारित मसुदा

नेहा,

तुझा मसुदा वाचला. पासष्ट दिवस पैसे अडकल्यावर माणूस असंच लिहितो, त्यात तुझं काही चुकलं नाही. फक्त हा मेल ज्यांच्या हातात पडेल त्यांना राग दिसेल आणि बिल क्रमांक शोधावा लागेल. पत्र नव्याने लिहिलंय. रक्कम ७६,००० आणि तारीख १९ सप्टेंबर, दोन्हीला हात लावलेला नाही. ऑर्डरच्या अटींत व्याजाचं कलम आहे हे मला दिसलं, पण तू व्याज मागितलं नव्हतंस, म्हणून मीही घातलं नाही. "सगळ्या ग्रुपवर तुमचं नाव टाकीन" हे वाक्य मात्र काढलंय. ते तू करणार नाहीस, आणि जे करणार नाही ते लिहायचं नाही. काम थांबवणं तुझ्या हातात आहे, ते ठेवलंय.

खाली आधी तुझा मसुदा, मग माझा. दोन्ही शेजारी ठेवून एकदा ताडून बघ.

तुझा मसुदा :

"सर, आता हद्द झाली. जूनमध्ये कॅटलॉग दिला, तुमच्या लोकांनी वाहवा केली, आणि पैशाचं नाव काढलं की सगळे गायब. कधी म्हणे साहेब दौऱ्यावर, कधी म्हणे बिलावर पीओ नंबर नाही, कधी म्हणे पुढच्या आठवड्यात नक्की. असे किती पुढचे आठवडे? मी काय फुकट काम करायला बसलेय का? तुमच्याकडे चकरा मारून चपला झिजल्या. माझे ७६,००० रुपये १९ सप्टेंबरपर्यंत खात्यात आले पाहिजेत, नाहीतर दुसऱ्या कॅटलॉगचं एक पानही मिळणार नाही आणि सगळ्या ग्रुपवर तुमचं नाव टाकीन. नेहा"

पाठवायचा मेल :

विषय : बिल क्र. ११४ ची बाकी रक्कम ₹७६,००० – १९ सप्टेंबर २०२५ पर्यंत जमा करण्याबाबत

दि. ८ सप्टेंबर २०२५

माननीय व्यवस्थापक, लेखा विभाग,
सप्रेम नमस्कार.

आपल्या कंपनीच्या उत्पादन कॅटलॉगचे मांडणी व सजावटीचे काम मी पूर्ण करून ३ जून २०२५ रोजी अंतिम फाइल्स सुपूर्द केल्या. त्याच दिवशी आपल्या विपणन विभागाने मेलवर मान्यता कळवली आणि कॅटलॉग छपाईलाही गेला. या कामाचे ५ जूनचे बिल क्र. ११४ आपल्याकडे आहे. ठरलेले एकूण मानधन ₹१,१४,००० होते. त्यापैकी ₹३८,००० आगाऊ मिळाले, त्याबद्दल आभार. उरलेले ₹७६,००० अद्याप येणे आहेत.

ऑर्डरमधील अटीनुसार बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत, म्हणजे ५ जुलैपर्यंत ही रक्कम मिळायला हवी होती. आज त्या तारखेला ६५ दिवस झाले.

१४ जुलै रोजी मी पहिली आठवण केली तेव्हा बिलावर आपला खरेदी आदेश क्रमांक नसल्याचे मला सांगण्यात आले. तो क्रमांक घालून सुधारित बिल मी त्याच दिवशी पाठवले. रकमेत काही बदल नव्हता. मुदत त्या सुधारित बिलापासून धरली, तरी ती १३ ऑगस्टला संपली. त्यापूर्वी १ ऑगस्टला मी पुन्हा मेल केला होता. २१ ऑगस्टला फोनवर बोलणे झाले, तेव्हा पुढील आठवड्यात रक्कम जमा होईल असे सांगण्यात आले. तसे झालेले नाही.

कामाच्या गडबडीत एखादे बिल मागे राहू शकते, हे मी समजू शकते. म्हणूनच मंजुरीसाठी लागणारी कागदपत्रे पुन्हा शोधावी लागू नयेत यासाठी सुधारित बिल, खरेदी आदेशाची प्रत आणि ३ जूनचा मान्यतेचा मेल सोबत जोडले आहेत. बँक खात्याचा तपशील बिलाच्या तळाशी आहे, आगाऊ रक्कम जमा केलेलेच ते खाते आहे. नियमानुसार करकपात होणार असेल, तर कपातीचा आकडा आणि प्रमाणपत्र कृपया कळवावे, म्हणजे जमा रकमेचा मेळ मला घालता येईल.

आपणास विनंती आहे की ₹७६,००० ही बाकी शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५ पर्यंत माझ्या खात्यात जमा करावी आणि जमा केल्यावर व्यवहार क्रमांक या मेलवर कळवावा. बिलातील एखाद्या बाबीविषयी आक्षेप असल्यास तो याच मेलच्या उत्तरात लेखी द्यावा. आजपर्यंत असा कोणताही आक्षेप माझ्याकडे आलेला नाही.

दुसऱ्या कॅटलॉगचे काम सध्या सुरू आहे आणि पहिल्या वीस पानांचा कच्चा आराखडा तयार आहे. १९ तारखेपर्यंत बाकी जमा न झाल्यास २० सप्टेंबरपासून हे काम मला थांबवावे लागेल. बाकी मिळाल्यावर ते पुन्हा सुरू होईल. मधल्या काळात जितके दिवस जातील, तितकी त्या कॅटलॉगची तारीखही पुढे जाईल. आपल्या विपणन विभागाला नियोजन करता यावे म्हणून हे आधीच कळवत आहे आणि त्यांनाही या मेलची प्रत देत आहे.

आपल्यासोबतचे काम मला आवडले आहे आणि पुढेही करायला आवडेल. आपल्या लेखी उत्तराची वाट पाहते.

कळावे,
नेहा
ग्राफिक डिझायनर

सोबत : १. सुधारित बिल क्र. ११४, २. खरेदी आदेश, ३. ३ जूनचा मान्यतेचा मेल

नेहा, "चकरा मारून चपला झिजल्या" ऐवजी तारखा घातल्यात, तेवढ्या एकदा तुझ्या मेलशी जुळवून घे. एक जरी चुकली तर सगळं बोलणं तिच्यावरच अडेल. आणि प्रत विपणन विभागाला नक्की टाक. दुसरा कॅटलॉग त्यांना हवाय, लेखा विभागाला नाही.

मेल गेल्यावर त्यांच्या लेखा विभागातल्या माणसाला व्हॉट्सॲपवर हा निरोप टाक :

"नमस्कार सर. बिल क्र. ११४ च्या ₹७६,००० बाकीबाबत आत्ताच मेल केला आहे, आवश्यक कागदपत्रे सोबत आहेत. रक्कम शुक्रवार, १९ सप्टेंबरपर्यंत जमा व्हावी ही विनंती. मेल मिळाल्याचे कृपया कळवा. – नेहा"

फोन आला आणि पुन्हा "पुढच्या आठवड्यात" ऐकू आलं, तर एवढंच म्हण : "चालेल सर, मेलवर तारीख लिहून पाठवा. माझी तारीख १९ आहे."

ताई