साप्ताहिक तपासणी सूची : कीबोर्ड, माउस, केबल आणि पंखे

सायबर कॅफे, नंदनवन, नागपूर. संगणक क्रमांक 1 ते 12. दर सोमवारी सकाळी 8 ते 9:30, दुकान उघडण्यापूर्वी.

ही तपासणी मालकाने स्वतः प्रत्येक टेबलापाशी जाऊन करायची आहे. मदतनीस सोबत असावा, परंतु बोट लावून पाहणे, कान देऊन ऐकणे आणि वहीत लिहिणे ही तीन कामे मालकाचीच आहेत. गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात, प्रवेश अर्जाच्या शेवटच्या दिवशी, क्रमांक 7 चा संगणक एका विद्यार्थिनीचा अर्ज अर्धवट असताना तीन वेळा आपोआप बंद पडला. त्याचा पंखा त्याआधी दोन आठवडे घरघरत होता. तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला होता आणि कोणीही लिहून ठेवला नव्हता. म्हणूनच प्रत्येक खुणेपुढे संगणकाचा क्रमांक आणि तारीख लिहिल्याशिवाय पुढच्या टेबलाकडे जाऊ नये.

सोबत घ्यायचे साहित्य : मऊ ब्रश, ब्लोअर, सुती फडके, कानकोरणीचा कापूस, आयसोप्रोपिल अल्कोहोलची लहान बाटली, स्क्रू ड्रायव्हर, केबल टाय, टॉर्च, कागदाची एक पट्टी.

संगणक सुरू असताना : पंखे

☐ सर्व संगणक एकदम सुरू करून अर्धा तास चालू ठेवावेत. पंखा सुरुवातीलाच अडखळला, किंवा कॅबिनेटला हात लावताच आवाज बदलला, तर त्याचे बेअरिंग झिजत चालले आहे असे समजावे.

☐ कॅबिनेटच्या मागील जाळीपुढे कागदाची पट्टी धरावी. हवा बाहेर फेकली जात असेल तर पट्टी दूर उडते. ती लोंबतच राहिली तर पंखा थांबला आहे किंवा जाळी धुळीने बुजली आहे. एसएमपीएसच्या जाळीपुढेही हीच पट्टी धरून पाहावी.

☐ बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचे तापमान पाहावे आणि वहीत मागील आठवड्याच्या आकड्याशेजारी लिहावे. एकट्या आकड्यावर विसंबू नये, कारण मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे गेला की सगळेच संगणक तापलेले असतात. त्याच जातीच्या इतर संगणकांपेक्षा एखादा 10 अंशांनी अधिक तापत असेल, तर तो त्याच दिवशी उघडावा.

☐ कॅबिनेट आणि भिंत यांच्यात किमान वीतभर मोकळी जागा आहे का, ग्राहकाने पिशवी जाळीला टेकवून ठेवण्याची शक्यता आहे का, हे पाहावे. कूलरचा झोत थेट कोणत्याही कॅबिनेटवर येत असेल तर कूलरचे तोंड वळवावे. ओलसर हवेत धूळ पात्यांवर चिकटून तिचा थर होतो आणि तो नुसत्या फुंकरीने निघत नाही.

संगणक सुरू असतानाच : केबल

☐ अर्धा तास झाल्यावर प्रत्येक वीजतारेच्या प्लगला हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करावा. कोमट प्लग म्हणजे सैल पकड किंवा जास्त भार. प्लग काळवंडलेला किंवा वितळलेला दिसला, जळका वास आला, तर हात लावू नये. प्रथम मुख्य स्विच बंद करावा आणि तो बोर्ड इलेक्ट्रिशियन येईपर्यंत वापरू नये.

☐ एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा एक्स्टेंशन बोर्ड लावलेला आढळल्यास त्याच क्षणी काढावा. कूलर आणि प्रिंटर संगणकांच्या बोर्डावर कधीही नसावेत.

☐ लॅन केबलची प्लास्टिकची खिट्टी तुटलेली नाही ना, हे हलकेच ओढून पाहावे. तुटलेल्या खिट्टीची केबल खुर्चीच्या धक्क्याने निसटते आणि ग्राहक इंटरनेटच बंद पडले असे समजतो. त्यानंतर प्रत्येक संगणकावर पुढील आज्ञा चालवावी :

```
ping -n 50 192.168.1.1
```

शेवटी 0% loss दिसले पाहिजे. एकही पॅकेट हरवले तर केबल शेजारच्या संगणकाच्या केबलशी अदलाबदल करून पुन्हा पाहावे. दोष केबलसोबत गेला तर केबल बदलावी, जागेवरच राहिला तर स्विचचे पोर्ट किंवा संगणकातील नेटवर्क कार्ड तपासावे.

☐ टेबलाखाली टॉर्च मारून उंदरांनी कुरतडल्याच्या खुणा, खुर्चीच्या चाकाखाली दबलेल्या तारा आणि तीक्ष्ण कोनात मुडपलेली टोके शोधावीत. कुरतडलेल्या वीजतारेला चिकटपट्टी लावून वापरणे ही बचत नव्हे. ती तार फेकून द्यावी.

☐ कीबोर्डची यूएसबी पिन आणि संगणकाचे पोर्ट यांच्यामध्ये एखादा अनोळखी छोटा जोड लावलेला नाही ना, हे अवश्य पाहावे. अशा जोडातून टाइप केलेले पासवर्ड चोरता येतात. आपल्या ग्राहकांच्या बँक खात्यांची सुरक्षितता या एका नजरेवर अवलंबून आहे.

कीबोर्ड

☐ नोटपॅड उघडून प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे टाइप करावी. त्यानंतर दोन्ही शिफ्ट, एंटर, बॅकस्पेस आणि आकड्यांचा उजवा संच तपासावा. आकड्यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि ओटीपी यांमुळे येथे सर्वाधिक झीज त्यांचीच होते. एका दाबात दोनदा उमटणारी कळ सर्वांत घातक असते : पासवर्डच्या चौकटीत फक्त ठिपके दिसतात, म्हणून ग्राहकाला चूक कळत नाही आणि काही प्रयत्नांनंतर त्याचे खाते बंद होते.

☐ संगणक बंद करून, कीबोर्ड काढून, उलटा करून हलके थोपटावा आणि ब्रश फिरवावा. फडक्यावर अल्कोहोलचे थेंब घेऊन कळा पुसाव्यात. कीबोर्डवर थेट फवारणी करू नये. सकाळी तर्री पोहे खाऊन आलेल्या ग्राहकांच्या बोटांचे तेल प्रथम स्पेस बारवर आणि एंटरवर साचते.

☐ पुसट झालेली अक्षरे आणि तिरका झालेला स्पेस बार वहीत नोंदवावा.

माउस

☐ एकदाच क्लिक केल्यावर फोल्डर उघडला, किंवा मजकूर निवडताना निवड मध्येच सुटली, तर आतील स्विच झिजला आहे. तो दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये, माउस बदलावा.

☐ खालची लेन्स कोरड्या कापसाने पुसावी. चकचकीत सनमायकावर बाण उड्या मारत असेल तर दोष माउसचा नसून पॅड नसल्याचा असतो.

सर्व संगणक बंद करून

☐ मार्च ते जून दर आठवड्याला आणि एरवी दर चौथ्या आठवड्याला, मुख्य प्लग काढून कॅबिनेट बाहेरच्या ओसरीवर न्यावे आणि ब्लोअरने साफ करावे. फुंकताना पंख्याची पाती लाकडी काडीने अडवून धरावीत, कारण झोताने पंखा अतिवेगाने फिरला तर बेअरिंग बिघडू शकते. पाती बोटाने फिरवल्यास सहज फिरावीत. अडली तर पंखा बदलावा, तेल सोडून दिवस काढू नयेत. एसएमपीएसचे खोके उघडू नये, त्यातील कपॅसिटर प्लग काढल्यावरही विजेचा साठा धरून ठेवतात. बाहेरूनच जाळी साफ करावी.

वही आणि सुटे सामान

☐ प्रत्येक दोषापुढे "आज बदलले", "पुढील सोमवारी पुन्हा पाहणे" किंवा "वापर बंद" यांपैकी एकच शेरा लिहावा. सलग दोन सोमवारी "पुन्हा पाहणे" असा शेरा आलेली वस्तू तिसऱ्या सोमवारची वाट न पाहता बदलावी.

☐ कपाटात 2 कीबोर्ड, 3 माउस, 2 वीजतारा, 2 लॅन केबल आणि 1 प्रोसेसरचा पंखा कायम असावा. यातले काही वापरले असेल तर त्याच दुपारी सीताबर्डीवरून आणून जागा भरावी आणि खरेदीची तारीख वस्तूच्या तळाशी मार्करने लिहावी.