नवरीचा चेहरा दिसत नाहीये ना? मुद्दामच 🙂

स्वाइप करत जा, पहिल्या चार फोटोंत कुणाचाच चेहरा नाही. अंतरपाटाखालून दिसणारी दोघांची पावलं, हिरवा चुडा, कानपिळीत भावाने पकडलेला नवरदेवाचा कान (फक्त कान!! आणि तो खरंच लाल झाला होता 😂), आणि पाठवणीला आईने धरून ठेवलेला हात. पाचव्यात मात्र दोघं अगदी समोर, कारण त्यांनी लेखी सांगितलंय की हा फोटो टाका, हाच टाका.

नाशिकमध्ये नि आसपास लग्नं शूट करतो आम्ही आणि लोक नेहमी विचारतात की एवढं काम करता मग पेजवर इतकं कमी का? अहो, कारण लग्न त्यांचं आहे, जाहिरात आमची. कुणाच्या ऑफिसमध्ये अजून सांगितलेलं नसतं, कुणाच्या घरी आधीच नातेवाईकांची कटकट चालू असते, आणि कुणाला नकोच असतं, त्याला कारण कशाला लागतं? म्हणून विचारतो आम्हीच, तेही अल्बम हातात दिल्यावर, बुकिंगच्या गडबडीत सह्या घेऊन नाही. नाही म्हणालात तर रेट तोच, फोटो तेवढेच. आणि आज हो म्हणून वर्षभराने नको वाटलं तरी एक मेसेज टाका, पोस्ट काढतो.

परवानगी असली तरी पत्रिकेवरची नावं, गाड्यांचे नंबर, मेंदीत लिहिलेलं नाव, हॉलचं लोकेशन यातलं काही दिसू देत नाही. लहान मुलांचे चेहरे तर नाहीच, त्यांच्या आईबाबांना वेगळं विचारल्याशिवाय. लग्न चालू असताना स्टोरी पण टाकत नाही, घरं रिकामी असतात हो तेव्हा.

आता कामाचं. अंतरपाट खाली येतो तो क्षण एकदाच येतो, त्यात अक्षता उडतात, सगळे मोबाईल वर जातात, म्हणून आम्ही दोघं असतो, एक जण तिच्याकडे बघत एक जण त्याच्याकडे. गुरुजींशी आधीच बोलून ठेवतो. 'परत एकदा हार घाला' असं सांगणार नाही, शप्पथ. हळदीला पिवळा मांडव असेल तर सगळ्यांचे चेहरे पिवळेच येतात, तेव्हा जमलं तर वर पांढरं कापड लावा, हा सल्ला फुकट 😄

पूर्ण लग्न कसं दिसतं ते बघायचंय? ज्या जोडप्यांनी दाखवायला हो म्हटलंय त्यांचे अल्बम स्टुडिओत ठेवलेत, चहा प्यायला या, आईबाबांनाही आणा, खरे प्रश्न तेच विचारतात.

तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा आत्ता घेतोय. हळद आणि लग्न मिळून ७५ हजारांपासून, बाहेरगावी प्रवास वेगळा. डीएममध्ये मुहूर्ताची तारीख, गाव आणि साधारण किती माणसं एवढंच पाठवा, आणि फोटो पेजवर नकोच असतील तर तेही तिथेच सांगून टाका, कुणी का विचारणार नाही.

#मराठीलग्न #नाशिकवेडिंग #अंतरपाट #लग्नाचेफोटो