मौजे रामपुरा, ब्लॉक 214 : सातबाऱ्याचा गोषवारा

दांडिया बाजार, वडोदरा
21 नोव्हेंबर 2024

श्री. विनायकराव जगताप यांस,
सप्रेम नमस्कार.

पादरा ई-धरा केंद्रातून 18 नोव्हेंबरला काढलेला सही-शिक्क्याचा 7/12, 8-अ आणि गाव नमुना 6 च्या नोंदी वाचून हा गोषवारा करतो आहे. दलालाने तुम्हाला मोबाइलवर पाठवलेला AnyRoR या सरकारी संकेतस्थळावरचा उतारा नुसता बघण्यापुरता आहे, शिवाय तो मार्चमधला आहे. तो बाजूला ठेवा.

तुम्ही घ्यायच्या विचारात आहात ती जमीन मौजे रामपुरा, ता. पादरा, जि. वडोदरा. ब्लॉक 214, जुना सर्व्हे 187/2, खाते 96. शर्त जुनी. कुळकायद्याच्या कलम 32-ग खाली गणोतियाने, म्हणजे कुळाने, घेतल्याची नोंद कुठे नाही, म्हणून विक्रीला कलेक्टरची परवानगी लागणार नाही. अडचण पुढे आहे.

कबजेदार म्हणून उताऱ्यावर तीन नावं आहेत:
रमेशभाई छोटाभाई पटेल
दिनेशभाई छोटाभाई पटेल
कोकिलाबेन छोटाभाई पटेल

वडील वारल्यावर नोंद 1482 ने (12-06-2009, प्रमाणित) तिघांची वारसाई लागली. कोणाचा हिस्सा किती, हे उताऱ्यात लिहिलेलं नाही आणि वाटपाची नोंदही नाही. त्यामुळे जमीन सामाईक आहे. तुमच्यासमोर आतापर्यंत फक्त रमेशभाई आले. "जमीन माझीच" असं ते म्हणतात, उतारा तसं म्हणत नाही.

एकूण क्षेत्र 0-94-08 हे.-आर-चौ.मी., म्हणजे 9,408 चौ.मी. किंवा 93 गुंठे. यात पोतखराबा 0-02-02, लागवडीचं 0-92-06. दलाल 98 गुंठे सांगतो ते खोटं नाही, जुनं आहे: पुनर्मोजणीआधीच्या उताऱ्यावर 0-99-15 होतं. त्या 5 गुंठ्यांचे पैसे तुम्ही देऊ नका. भाव गुंठ्यावर ठरवा, आणि व्यवहाराआधी जमीनदफ्तराकडून मोजणी करून हद्दीचे दगड बघून घ्या. विघ्याच्या हिशोबात तर शिरूच नका. विघा गावागणिक बदलतो आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

बोजा एक चालू आहे. नोंद 1875 (03-08-2018), पीककर्ज, रुपये 4,50,000, एका राष्ट्रीयीकृत बँकेची पादरा शाखा. रमेशभाई म्हणतात फेडलंय. फेडलं असेलही, पण बोजामुक्तीची नोंद पडलेली नाही, म्हणून उताऱ्यापुरता बोजा उभा आहे. बँकेचा 'येणे बाकी नाही' दाखला आणि त्यावरून पडलेली प्रमाणित नोंद, दोन्ही पाहिजेत. नुसता दाखला घरात ठेवून भागत नाही. सेवा सहकारी मंडळीचा 1994 चा बोजा नोंद 1630 ने कमी झाला आहे, त्याची काळजी नको. इतर हक्कात विहिरीत अर्धा हिस्सा लागून असलेल्या ब्लॉक 215 च्या धारकाचा आहे. विहीर पूर्ण आपली समजून पंप बसवाल तर शेजारी दारात येईल.

आता मुख्य गोष्ट. नोंद 2036 (14-02-2024): कोकिलाबेननी हक्क सोडला, असं दाखवून नाव कमी करण्याची कच्ची नोंद पडली. कलम 135-ड ची नोटीस मिळताच बाईंनी मुदतीत हरकत घेतली: "सही माझी नाही." नोंद तकरारी झाली, मामलतदाराकडे प्रलंबित आहे, म्हणून नाव अजून कायम आहे. मार्चच्या उताऱ्यातही ते होतंच. दलालाने त्याकडे बोट दाखवलं नाही, इतकंच.

उताऱ्यात न दिसणारी, पण मी पादरा कोर्टात बघून आलेली गोष्ट: कोकिलाबेननी वाटपाचा दावा लावला आहे, नियमित दिवाणी दावा 61/2024. मनाईसाठीच्या निशाणी 5 च्या अर्जावर हुकूम झालेला नाही. पुढची तारीख 9 जानेवारी. मनाई नाही म्हणजे विकायला मोकळीक, असं रमेशभाई तुम्हाला सांगतील. दावा चालू असताना घेतलेली जमीन निकालाच्या अधीन राहू शकते, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 52. बाई जिंकल्या तर त्यांचा हिस्सा तुमच्या दस्तातून जाईल.

म्हणून रविवारी पाच लाखांचा बाना, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊ नका. बानाखत करायचंच तर तिघांच्या सह्यांनी करा, आणि कोकिलाबेन स्वतः सब-रजिस्ट्रारपुढे येत असतील तरच. त्यांनी कोर्टात समझोता नोंदवून दावा निकाली काढला तर व्यवहार चांगला आहे, जमीन काळी आणि रस्त्याला लागून आहे.

तुमचा संखेड्याच्या जमिनीचा 8-अ नव्याने काढून पाठवा. कुळकायद्याच्या कलम 63 मुळे खेडूत, म्हणजे शेतकरी, असल्याचा पुरावा दस्ताला लागेल. गेल्या तीस वर्षांचा सर्च सब-रजिस्ट्रारकडे चालू आहे, तो या गोषवाऱ्यात धरलेला नाही.

आपला,
अ‍ॅड. माधव कुलकर्णी