प्रात्यक्षिक: सीरियल डायल्यूशन आणि वायडल टेस्टचा टायटर (टी. वाय. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, पुणे)

पावसाळा सुरू झाला की पुण्यातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये वायडलच्या चिठ्ठ्या वाढतात. ही टेस्ट 1896 पासून वापरात आहे. तुमच्यापैकी बरेच जण पुढे अशाच लॅबमध्ये बसणार आहेत. तुमच्या रिपोर्टवरचा एक आकडा बघून डॉक्टर औषध ठरवतील, म्हणून आज घाई नको.

प्रत्येक गटाला दोन ओळी लावायच्या आहेत, एक ‘ओ’ अँटिजेनची आणि एक ‘एच’ची. सीरम किटमधलं पॉझिटिव्ह कंट्रोलचं आहे, तरीही हातमोजे घालायचे आणि तोंडाने पिपेट ओढायचं नाही.

सलाईन आधी करून घ्या. एका ओळीला 0.9 + (5 × 0.5) + 0.5 = 3.9 मिली लागतं. दोन ओळींना 7.8 आणि बारा गटांना 93.6 मिली. 100 मिली अगदी काठावर येतं, म्हणून 150 मिली करू. 0.85 टक्क्यांसाठी मीठ 1.275 ग्रॅम.

ओळीत सात ट्यूब मांडा आणि नंबर टाका. पहिलीत 0.9 मिली सलाईन, बाकी सहांत 0.5 मिली. पहिलीत 0.1 मिली सीरम घाला. एकूण 1 मिलीत सीरम 0.1 मिली, म्हणजे 1:10. (1:10 म्हणजे एकूण दहा भागांत एक भाग. एकाला दहा भाग सलाईन घातलं तर ते 1:11 होतं. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.) पिपेटने हलकेच पाच-सहा वेळा वर-खाली करून मिसळा, फेस येऊ देऊ नका. मग 0.5 मिली उचलून दुसरीत, तिथून तिसरीत, असं सहावीपर्यंत. सहावीतले 0.5 मिली टाकून द्या. सातवी कंट्रोल, तिच्यात सीरम जात नाही.

दर ट्यूबला टिप बदला. जुन्या टिपच्या बाहेरच्या बाजूला चिकटलेलं सीरम पुढे जातं आणि टायटर खोटा वाढतो. उलट पिपेट दरवेळी 0.5 ऐवजी 0.45 मिलीच उचलत असेल तर काय होतं ते बघा. एका पायरीचा गुणक 2 न राहता

0.95 ÷ 0.45 = 2.11

होतो. पाच पायऱ्यांनी तो 2.11⁵, म्हणजे सुमारे 41.9. यायला हवा होता 32. सहावी ट्यूब 1:320 समजून वाचाल, पण खरं डायल्यूशन 1:419 असेल. चूक बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. म्हणून सुरुवातीलाच पिपेटने पाणी तोलून बघा: 0.5 मिली पाणी जवळजवळ 0.5 ग्रॅम भरायला हवं.

आता सातही ट्यूबमध्ये 0.5 मिली अँटिजेन. आकारमान दुप्पट झालं, म्हणून डायल्यूशनही दुप्पट: 1:20, 1:40, 1:80, 1:160, 1:320, 1:640. जर्नलमध्ये हेच लिहा. अँटिजेनच्या आधीचे आकडे लिहिले तर टायटर निम्मा दिसतो आणि एका लॅबचा निकाल दुसरीशी जुळत नाही. ट्यूबला कापसाचे बोळे लावा आणि रात्रभर 37 अंश सेल्सिअसला ठेवा.

सकाळी सर्वांत आधी कंट्रोल वाचा. त्यात गुठळ्या असतील तर पूर्ण ओळ रद्द. ‘ओ’च्या गुठळ्या रवाळ, ‘एच’च्या कापसासारख्या भुसभुशीत. ट्यूब हलवू नका, प्रकाशासमोर धरून बघा. पहिलीत काही दिसलं नाही म्हणून थांबायचं नाही: अँटिबॉडी फार जास्त असतील तर सुरुवातीच्या ट्यूबमध्ये गुठळ्या बनतच नाहीत आणि पुढे स्पष्ट दिसतात. याला प्रोझोन म्हणतात.

गुठळ्या दिसणारी शेवटची ट्यूब n वी असेल तर

टायटर = 20 × 2ⁿ⁻¹

पाचवी असेल तर 20 × 16 = 320.

एका ट्यूबचा फरक हा पद्धतीचाच फरक असतो, त्याला अर्थ चिकटवू नका. पहिल्या नमुन्यात 80 आणि आठ-दहा दिवसांनी 320 आला तर दोन ट्यूब, म्हणजे चौपट वाढ. ती लक्षात घेण्याजोगी. एकाच नमुन्यावर टायफॉइडचा शिक्का मारू नये असं माझं ठाम मत आहे.

गटांची सरासरी काढताना साधी सरासरी चालत नाही. समजा पाच नमुन्यांचे टायटर 40, 80, 160, 160, 320. साधी सरासरी 152 येते आणि मोठा आकडा तिला वर ओढतो. त्याऐवजी प्रत्येक टायटर 10 × 2ˣ असा लिहा: x = 2, 3, 4, 4, 5. त्यांची सरासरी 3.6, म्हणून

10 × 2³·⁶ ≈ 121

हा भौमितिक सरासरी टायटर. जर्नलमध्ये सातही ट्यूबचा निकाल अधिक-उणे चिन्हांनी लिहा, पिपेट तोलल्याचा आकडा सोबत जोडा, आणि वापरलेल्या टिपा व ट्यूब 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या बादलीत टाका.