विषय: एलआर क्र. ७१८३६ (राजकोट ते सांगली, ४ नग) – अमोल शिंदे यांच्याकडे माल देण्याबाबत अधिकारपत्र

प्रति,
गोदाम व्यवस्थापक, डिलिव्हरी विभाग, सांगली

दि. १२ नोव्हेंबर २०२५

महोदय,

राजकोटहून माझ्या नावे आलेला वरील माल आपल्या गोदामात उतरल्याचा मेसेज आज मिळाला. वडिलांच्या ऑपरेशनमुळे मी शुक्रवारपर्यंत पुण्यात आहे. डॅमरेज चढू नये आणि द्राक्षबागायतदारांचे पंप अडकू नयेत, म्हणून उद्या, गुरुवारी, माझ्या वतीने माल घेण्याचा अधिकार आमच्या दुकानातील कर्मचारी श्री. अमोल बाळासो शिंदे (वय ३४, रा. तासगाव) यांना देत आहे.

ओळखीसाठी ते मूळ ड्रायव्हिंग लायसन्स आणतील. त्याची प्रत सोबत आहे. फोटो व सही ताडून पाहावी आणि झेरॉक्सवर त्यांची सही घेऊन ती आपल्याकडे ठेवावी. त्यांच्या मोबाइलचे शेवटचे चार अंक ४४१७. माझे मास्क्ड आधार जोडले आहे, शेवटचे चार अंक ९०५२. शंका वाटल्यास आपल्या खातेवहीत आधीपासून असलेल्या माझ्या नंबरवरच फोन करावा. दुसऱ्या कुठल्या नंबरवरून कोणी माझे नाव सांगितले तर माल सोडू नये.

बिल्टीची मूळ कन्साइनी कॉपी अमोल यांच्याकडे आहे. मालात सबमर्सिबल पंपाच्या २ लाकडी पेट्या, पॅनेलचा १ खोका आणि केबलचे १ बंडल आहे, बिल रु. ६८,४४०. भाडे टू-पे आहे. भाडे आणि हमाली मिळून रु. २,६०० पर्यंत ते रोख भरतील, पावती माझ्या नावे द्यावी. रक्कम त्याहून जास्त होत असेल तर आधी मला कळवावे.

नग मोजून आणि पेट्यांच्या पट्ट्या पाहूनच ते डिलिव्हरी पावतीवर सही करतील. पेटी फुटलेली असेल किंवा नग कमी असेल, तर तो शेरा सहीच्या आधी पावतीवर लिहून त्यावर आपल्या माणसाची सही द्यावी. शेरा न लिहिता सही झाली की नंतर नुकसानीचा दावा सिद्ध करणे अवघड जाते, म्हणून एवढा आग्रह. तीनच नग आले असतील तर तीन द्यावेत, पण चौथा ‘कमी’ असे नोंदवून.

ई-वे बिलाची मुदत १४ तारखेच्या रात्री १२ पर्यंत आहे. आपल्या गोदामापासून आमचे दुकान ५० किलोमीटरच्या आत असल्याने त्यात टेम्पोचा नंबर भरण्याची गरज नाही, तरी बिलाची प्रिंट अमोल यांच्याकडे राहील.

हा अधिकार फक्त याच एलआरपुरता, गुरुवारी सकाळी १० ते सायंकाळी ६ पर्यंत आहे. अमोल यांनी तो दुसऱ्याला द्यायचा नाही. माणूस बदलला तर याच ईमेलवरून नवे पत्र पाठवीन. त्यांनी वरील मर्यादेत केलेली सही मला बंधनकारक राहील.

मेल मिळाल्याचे उत्तर आज संध्याकाळपर्यंत द्यावे, म्हणजे टेम्पो सांगता येईल.

आपली,
सुनंदा विठ्ठल जाधव
मालक, पंप व मोटार विक्री, तासगाव

सोबत: सही केलेल्या अधिकारपत्राची पीडीएफ, अमोल यांचे लायसन्स, माझे मास्क्ड आधार, बिल, ई-वे बिल