ओव्हरड्राफ्ट मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख रुपये करण्याबाबत विनंती अर्ज

दिनांक : १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. शाखाधिकारी साहेब,
बार्शी शाखा, जि. सोलापूर

विषय : शिवगंगा ड्रेसेस, बार्शी (मालक : राजेंद्र महादेव ढगे) यांच्या ओव्हरड्राफ्ट खात्याची मर्यादा वाढवून मिळणेबाबत. खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक ४१७२.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या शाखेत माझे ओडी खाते ऑगस्ट २०२१ पासून आहे. त्या वेळी शाळा बंद होत्या. गणवेशाच्या दुकानाला कोणी दारात उभे करत नव्हते, आदल्या वर्षीची माझी विक्री ११ लाखांवर आली होती. तरीही शाखेने २०१९-२० ची ७४ लाखांची उलाढाल धरून मला १५ लाखांची मर्यादा दिली. त्या पैशावर मी पुन्हा माल भरला, हे मी विसरलेलो नाही. आज त्याच खात्यासाठी पुन्हा आपल्याकडे आलो आहे, कारण धंदा दुपटीच्या वर गेला आणि मर्यादा मात्र तिथेच राहिली.

विक्रीचे आकडे आधी देतो. सर्व रक्कम जीएसटी वगळून आहे आणि जीएसटी विवरणपत्रांशी जुळते.

२०२२-२३ : ९६ लाख ४० हजार
२०२३-२४ : १ कोटी १८ लाख ७० हजार
२०२४-२५ : १ कोटी ४३ लाख २५ हजार
एप्रिल ते डिसेंबर २०२५ (नऊ महिने) : १ कोटी ४९ लाख ८० हजार

म्हणजे गेल्या पूर्ण वर्षाची विक्री आम्ही यंदा नऊ महिन्यांतच ओलांडली. आदल्या वर्षी याच नऊ महिन्यांत १ कोटी २७ लाख १० हजार झाले होते. जानेवारी ते मार्च साधारण १७ लाख धरले, तर यंदाचे वर्ष १ कोटी ६६ लाख ८० हजारांवर जाईल. २०२६-२७ साठी मी १ कोटी ९० लाखांचा अंदाज धरला आहे. तो फुगवलेला नाही. मागच्या दोन पूर्ण वर्षांत वाढ अनुक्रमे २३ आणि २१ टक्क्यांच्या आसपास होती, पुढच्या वर्षासाठी मी १४ टक्केच धरली आहे. २०२२ मध्ये आम्ही ७ शाळांचे गणवेश ठेवत होतो, आता ११ शाळांचे ठेवतो. यातल्या कुठल्याही शाळेने पालकांवर आमच्या दुकानाची सक्ती केलेली नाही. लोक येतात ते माप आणि शिलाई बघून.

पण वर्षाचा एकूण आकडा पाहून आमच्या धंद्याची खरी अडचण कळत नाही. त्यासाठी महिने पाहावे लागतात. २०२५ मधली विक्री अशी आहे :

एप्रिल ९.२० लाख
मे २४.६० लाख
जून ६२.४० लाख
जुलै २१.३० लाख
ऑगस्ट ६.१० लाख
सप्टेंबर ४.३० लाख
ऑक्टोबर ५.२० लाख
नोव्हेंबर ८.१० लाख
डिसेंबर ८.६० लाख

नऊ महिन्यांतली ७२ टक्के विक्री मे, जून आणि जुलै या तीन महिन्यांत आहे. शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि आधीचे तीन आठवडे दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आई मुलाला पाठमोरे उभे करते, शर्टाची कॉलर मानेला लावून पाहते आणि म्हणते, "वाढीचं माप द्या, वर्षभर पुरलं पाहिजे." तेव्हा २६ नंबर हातात असेल तर २८ आणि ३० सुद्धा फळीवर असावे लागतात. एक नंबर नसला तर ते गिऱ्हाईक पँट, स्कर्ट, मोजे, सगळेच दुसरीकडे घेते. म्हणून अकरा शाळांचा प्रत्येक नंबर २० मेच्या आत दुकानात भरलेला लागतो. त्याचे पैसे मात्र गिऱ्हाईक यायच्या आधीच जातात.

पूर्वी हे उधारीवर निभावत होते. कापड भिलवाड्याहून जानेवारीत येते, तयार माल सोलापूरच्या कारखानदारांकडून मार्च-एप्रिलमध्ये येतो, आणि दोघेही जूनच्या विक्रीतून पैसे घ्यायला तयार असत. आता तसे राहिलेले नाही. आयकराच्या कलम ४३बी(एच) नुसार सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकते करावे लागते. मुदत टळली आणि ३१ मार्चपर्यंतही पैसे गेले नाहीत, तर ती खरेदी त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही आणि तेवढ्या रकमेवर मला कर बसतो. माझे जवळजवळ सगळे पुरवठादार उद्यम नोंदणी असलेले उत्पादक आहेत. नियम त्यांच्या भल्याचा आहे आणि मला तो मान्य आहे. माझ्याकडे घरी शिवणाऱ्या १४ बायका आहेत, त्यांची मजुरीही मी दर शनिवारी देतो, तीही थांबवत नाही. पण तीन-चार महिन्यांची जी उधारी आमचे खेळते भांडवल होती, ती गेली. तिची जागा आता बँकेच्या पैशानेच भरावी लागणार आहे.

येत्या सीझनचा हिशेब असा आहे. १ जानेवारी ते २० मे या काळात मला द्यायचे पैसे :

भिलवाड्याचे कापड २१.५० लाख
सोलापूरचे तयार गणवेश ३४.०० लाख
बूट, मोजे, टाय, बेल्ट, दप्तरे ११.८० लाख
शिलाई मजुरी ६.२० लाख
पगार, गोदामभाडे, वीज ४.९० लाख
एकूण ७८.४० लाख

याच काळात विक्रीतून येतील ते ३५.४० लाख : जानेवारी ते मार्च १७ लाख, एप्रिल १०.४० लाख आणि मेच्या पहिल्या वीस दिवसांत ८ लाख, कारण मेची खरी गर्दी शेवटच्या दहा दिवसांत असते. ३१ डिसेंबरला खात्यातली जमा आणि हातातली रोख मिळून १२.६० लाख होते. दोन्ही मिळून ४८ लाख. म्हणजे कमी पडतात ३०.४० लाख. वरचे चाळीस हजार मी सांभाळून घेईन, मला ३० लाखांची मर्यादा हवी आहे.

उलाढालीच्या २० टक्के या नेहमीच्या हिशेबाने १ कोटी ९० लाखांवर ३८ लाखांची पात्रता येते. मी तितके मागत नाही, कारण गरज तितकी नाही. गरज नसताना मर्यादा मोठी असली की माणूस नको तो माल भरतो, हे मी बाजारात पाहिले आहे.

आता एक गोष्ट मीच आधी सांगतो, कारण खाते उघडल्यावर ती आपल्याला दिसणारच आहे. १९ मे २०२५ रोजी माझा ३ लाख ८० हजारांचा एक चेक वटला नाही. मर्यादा संपली होती आणि खात्यात ४६ हजार कमी पडत होते. त्या दिवशी सकाळी एका शाळेकडून येणारी रक्कम दुसऱ्या दिवशी जमा झाली, एवढाच फरक होता, पण चूक माझी, तारीख मी पाहायला हवी होती. कारखानदाराने सहा दिवस माल थांबवला. त्यात एका शाळेचे गणवेश होते, तिथले पालक वाट पाहून सोलापूरला गेले. साधारण दोन लाखांची विक्री गेली. तो थांबलेला माल सोडवण्यासाठी मी पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवून दुसरीकडून ४ लाखांचे सोनेतारण कर्ज घेतले. ते २८ जून २०२५ ला पूर्ण फेडले, फेडीचा दाखला सोबत आहे. आज माझ्यावर आपल्या बँकेशिवाय कोणाचेही कर्ज नाही. पाटल्या घरी आल्या, पण पुन्हा त्या मागायची वेळ माझ्यावर येऊ नये, असे मनापासून वाटते.

तो एक चेक सोडला तर साडेचार वर्षांत खात्यावर बोट ठेवायला जागा नाही. व्याज ज्या महिन्याचे त्या महिन्यात भरले आहे. स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याच्या १० तारखेच्या आत दिले आहे. गेल्या वर्षी १२ मार्च ते ९ जून मर्यादा जवळजवळ पूर्ण वापरात होती आणि ४ जुलैला खाते जमेत आले. पैसा वर्षभर अडकून राहत नाही, सीझनला जातो आणि सीझनलाच परत येतो. जूनच्या ६२.४० लाखांपैकी ३९.८० लाख क्यूआर कोड आणि कार्डावरून थेट याच खात्यात जमा झाले आहेत.

वाढीव पैशाचे व्याज परवडते का, हेही मी मांडून पाहिले. जादा १५ लाख तीन महिने वापरले, तर साडेदहा टक्क्यांनी सुमारे ३९ हजार ४०० रुपये व्याज होईल. भिलवाड्याचा कापड उत्पादक उधारी न ठेवता लगेच पैसे दिल्यास तीन टक्के सूट देतो, २१.५० लाखांवर ती ६४ हजार ५०० होते. नुसत्या कापडाच्या सुटीतून व्याज निघते.

२०२४-२५ चा निव्वळ नफा ११ लाख ४६ हजार आहे. घरखर्चाला ५ लाख ४० हजार उचलले, बाकीचे ६ लाख ६ हजार भांडवलात ठेवले. ३१ डिसेंबरचा स्टॉक २२.७० लाख, येणे १.९० लाख, देणे ३.१० लाख.

तारण म्हणून दुकानाचा गाळा आपल्याकडे आहेच. २०२१ मध्ये त्याचे मूल्यांकन ३४ लाख होते. नोव्हेंबरमध्ये आपल्या यादीतल्या मूल्यांकनकाराने ते ४८ लाख केले आहे. जोडीला माझ्या नावावरचा दोन गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट देतो, मूल्य १४ लाख. एकूण तारण ६२ लाख, मागणी ३० लाख. जामीनदार म्हणून माझी पत्नी आणि थोरले बंधू सही करायला तयार आहेत.

वरिष्ठ कार्यालयातून कायम ३० लाख एकदम मंजूर होण्यास अडचण असेल, तर २२ लाखांची कायम मर्यादा आणि १ मार्च ते १५ जुलै या काळापुरती ८ लाखांची हंगामी मर्यादा द्यावी, तेही मला चालेल. हंगामी रक्कम मुदतीत भरली नाही, तर पुढच्या वर्षी ती देऊ नये, असे मी लिहून देतो.

एकच विनंती, निर्णय २५ फेब्रुवारीपर्यंत कळावा. कापडाची गाडी २० जानेवारीला येते, ४५ दिवस ६ मार्चला भरतात. मालाची पाहणी करायला आपण किंवा आपले अधिकारी कोणत्याही दिवशी यावे. गोदामात शाळा आणि नंबरप्रमाणे गठ्ठे लावलेले आहेत, वही आणि फळी अर्ध्या तासात ताडून पाहता येईल.

कळावे,

आपला विश्वासू,
राजेंद्र महादेव ढगे
मालक, शिवगंगा ड्रेसेस, बार्शी

सोबत : तीन वर्षांचे ताळेबंद व नफा-तोटा पत्रके, आयकर विवरणपत्रे, एप्रिल ते डिसेंबर २०२५ ची जीएसटी विवरणपत्रे, ३१ डिसेंबरचे स्टॉक स्टेटमेंट, २०२६-२७ चा अंदाज सीए यांच्या सहीने, उद्यम नोंदणी, गाळ्याचे व प्लॉटचे मूल्यांकन, प्लॉटचा सातबारा व बिनशेती आदेश, सोनेतारण फेडीचा दाखला.